बाटली फेकली, बिल उरलं

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एक जाहीर सूचना काढली. मजकूर चार ओळींचा होता. कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप, बॅच एसआर-१३, उत्पादन मे २०२५, मुदत एप्रिल २०२७; हे कुणाजवळ असेल तर वापर ताबडतोब थांबवा आणि औषध निरीक्षकाला किंवा १८००२२२३६५ या क्रमांकावर कळवा. तिकडे मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावत होती. त्यांतली बरीच उपचारासाठी नागपूरला आणली गेली होती. तामिळनाडूत झालेल्या तपासणीत या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघालं. औषधात ते ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. पाच मिलीचा एक चमचा पाजला तर बाळाच्या पोटात अडीच ग्रॅमच्या आसपास विष गेलं, असा त्या आकड्याचा अर्थ.

आता ही सूचना धारणीत बसून वाचा. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाट आणि जंगल ओलांडत सुमारे दीडशे किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव आहे. मध्य प्रदेशाची हद्द त्याहून कितीतरी जवळ. बऱ्हाणपूर आणि खंडव्याकडे इथली माणसं बाजाराला जातात तशी दवाखान्यालाही जातात, आणि मृतांमध्ये शेजारच्या बैतुल जिल्ह्यातलीही मुलं होती. त्या आठवड्यात धारणी तालुक्यातल्या एखाद्या ढाण्यावर, म्हणजे कोरकू वस्तीवर, पोराला खोकल्याचं औषध चालू असेल तर त्या घरासमोर एकच प्रश्न होता: आपल्या घरातली बाटली एसआर-१३ आहे की नाही? बाटली जवळ असेल तर उत्तर लेबलवर आहे. पण औषध संपलेलं असतं, लेबल चिकट होऊन निघालेलं असतं, बाटली धुऊन तिच्यात तेल भरलेलं असतं. मग उत्तर एकाच ठिकाणी उरतं. मेडिकलवाल्याने दिलं असेल तर, आणि बरोबर दिलं असेल तर, बिलावर.

या अंकाचा विषय ‘कागद’ आहे. सातबारा, वनहक्काचा दावा, जातीचा दाखला या कागदांसाठी मेळघाटातला माणूस तालुक्याला किती हेलपाटे घालतो, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. औषधाच्या बिलावर कुणी लिहीत नाही, कारण ते पैसे दिल्याची पावती समजलं जातं आणि दुकानाच्या पायरीवरच गोळा होऊन पडतं. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की ते पावतीपेक्षा जास्त काही आहे: आपल्याला नेमकं काय विकलं गेलं याची साक्ष आहे. मात्र ती साक्ष खरी आहे की खोटी हे काउंटरवर, औषध पिशवीत पडण्याआधीच, ठरतं. नंतर नाही.

## काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे

मेडिकलच्या काउंटरवर गर्दीच्या वेळी काय चालतं ते नीट पाहिलं की बिल कुठे चुकतं ते कळतं. चिठ्ठी हातात येते. दुकानातला पोरगा फळीवरून औषध काढतो आणि दुसरा माणूस संगणकावर औषधाच्या नावाची पहिली चार अक्षरं टाकतो. पडद्यावर त्या औषधाच्या शिल्लक बॅचची यादी उघडते. बहुतेक सॉफ्टवेअर ज्या बॅचची मुदत आधी संपते ती सगळ्यात वर दाखवतं, आणि हात सवयीने एंटर दाबतो. बिलावर ती वरची बॅच छापली जाते. फळीवर मात्र दोन बॅचचा माल शेजारी शेजारी ठेवलेला असतो आणि पोराच्या हाताला पुढची लागलेली असते. यात कुणाची लबाडी नाही. पण कागद एका बॅचचा आणि पिशवीतली बाटली दुसऱ्याच बॅचची, असं होऊन बसतं.

एरवी याने काही बिघडत नाही, दोन्ही बॅच चांगल्याच असतात. बिघडतं ते एसआर-१३ सारख्या वेळी. समजा एका दुकानात त्या बॅचच्या बारा बाटल्या आल्या होत्या. औषध निरीक्षक येतो आणि आधी ठोक विक्रेत्याचं बिल मागतो. ठोक विक्रीच्या बिलावर बॅच क्रमांक आणि उत्पादकाचं नाव लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे बारा आल्या हे पक्कं कळतं. फळीवर सात मिळतात. म्हणजे पाच गेल्या. त्या कुणाकडे गेल्या हे दुकानदाराचा संगणक सांगणार. पण दोन बाटल्या चुकून दुसऱ्या बॅचवर फाडल्या असतील तर संगणकात तीनच विक्री दिसतील आणि शिल्लक नऊ दाखवेल. ज्या दोन घरांत विष आहे त्यांच्याकडे कुणी जाणार नाही, आणि त्या घरांनी स्वतःहून बिल काढून पाहिलं तर त्यावरची दुसरी बॅच त्यांना निर्धास्त करेल. बिल नसतं तर निदान धास्ती तरी राहिली असती. चुकीचं बिल त्याहून वाईट.

म्हणून पहिली आणि खरं तर सर्वांत मोठी तपासणी ही की बिलावरचा बॅच क्रमांक औषधावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळतो का. सिरपवर तो लेबलवर, बाटलीच्या बुडाशी किंवा मानेजवळ छापलेला असतो आणि खोक्यावरही असतो. खोका आणि बाटली यांचा क्रमांकही आपसात जुळायला हवा, कारण उघडलेले खोके परत भरताना अदलाबदल होते. गोळ्यांच्या स्ट्रिपवर बॅच, उत्पादनाचा महिना, मुदत आणि किंमत बहुधा एका कडेला, पुसट शाईत किंवा नुसती दाबून उमटवलेली असते. उजेडात तिरपी धरल्याशिवाय ती दिसत नाही.

आणि इथेच सुट्ट्या गोळ्यांचा घोळ आहे. दहाची स्ट्रिप असते, गिऱ्हाइकाला सहा हव्या असतात. जाणता दुकानदार छपाई नसलेल्या बाजूने कापतो आणि छापील कड स्वतःकडे ठेवतो. ते योग्यच, कारण उरलेल्या चार गोळ्या कोणत्या हे त्यालाही कळायला हवं. पण गिऱ्हाइकाच्या हातात आलेल्या सहा गोळ्यांवर ना बॅच असते, ना मुदत, ना किंमत. धारणीत पूर्ण स्ट्रिप घेण्याएवढे पैसे प्रत्येकाच्या खिशात नसतात, म्हणजे ज्याच्याजवळ पैसा कमी त्याच्याच औषधावर ओळख नाही. त्याच्यासाठी बिल ही एकमेव ओळख. कात्री लागायच्या आधी “भाऊ, पाहू द्या जरा” म्हणून अख्खी स्ट्रिप बिलाशेजारी धरणं, एवढाच यावर उपाय आहे. कात्री लागल्यानंतर तपासायला काही उरत नाही.

## एक बिल उलगडून

नमुन्यासाठी एक बिल मांडू. आकडे हिशेबाला सोपे घेतले आहेत, मांडणी मात्र कुठल्याही मेडिकलच्या बिलासारखीच. वर दुकानाचं नाव आणि पत्ता, त्याखाली परवाना क्रमांक. किरकोळ दुकानाचे सहसा दोन परवाने असतात: नमुना २० मधला साध्या औषधांसाठी, नमुना २१ मधला लसी, इंजेक्शनं, प्रतिजैविकं अशा जास्त नाजूक औषधांसाठी. हे क्रमांक आणि बिलाचा अनुक्रमांक नसेल तर तो कागद बिल नाही, नुसती बेरीज आहे. त्याखाली रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, तारीख. मग रकाने: औषध, कंपनीची तीन अक्षरं, पॅक, संख्या, बॅच, मुदत, एमआरपी, रक्कम. आपल्या नमुन्यातली ओळ अशी: सेफिक्झीम २०० च्या गोळ्या, पॅक १०, संख्या ६, मुदत ०८/२७, एमआरपी ११२, रक्कम ६७.२०. तारीख डिसेंबर २०२५.

मुदतीचा रकाना सगळ्यांत सोपा वाटतो, पण त्यात दोन गैरसमज नेहमीचे आहेत. ०८/२७ म्हणजे ऑगस्ट लागताच औषध बाद होत नाही. नियमांनुसार त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालतं. म्हणजे ऑगस्टच्या वीस तारखेला ते विकलं तर मुदतबाह्य विकल्याची तक्रार टिकणार नाही. पण पंधरा दिवसांचा कोर्स असेल तर तो सप्टेंबरात जाईल, तेव्हा ते नाकारण्यात शहाणपण आहे. दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. बिलावरची मुदत बंद पॅकची आहे. पोरांसाठी पाणी घालून कालवायची जी पावडरची औषधं असतात, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट, ती पाणी पडल्यावर थंडाव्यात ठेवून साधारण सात दिवसच टिकतात. बिल म्हणतं २०२७, म्हणून अर्धी बाटली पुढच्या तापासाठी कोनाड्यात जपून ठेवली जाते. फ्रीज नसलेल्या घरात तर आठवडाही धरू नये. त्या बाटलीला बिलावरची तारीख लागू नाही, कालवल्याची तारीख लागू आहे, आणि ती कुठेच छापलेली नसते. लेबलवर पेनाने लिहून घ्यावी लागते.

आता किंमत. वरच्या बिलात काही चुकलं आहे का? दहा गोळ्या ११२ रुपयांना, तर सहाचे ६७ रुपये २० पैसे. त्रैराशिक बरोबर आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ सांगतो की सुट्ट्या गोळ्या पॅकच्या प्रमाणापेक्षा जास्त दराने विकता येणार नाहीत, म्हणजे “सुट्टी आहे, बारा रुपये पडेल” हे बेकायदेशीर. आपल्या दुकानदाराने तसं केलेलं नाही. स्ट्रिपवरही ११२ च छापलेत. तरीही बिल चूक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ११२ मध्ये मूळ किंमत १०० आणि कर १२ होता. नवी कमाल किंमत १०५ झाली. आधी बाजारात गेलेल्या मालावर नवी किंमत चिकटवण्याची सक्ती सरकारने केली नाही, फक्त सुधारित दर दुकानापर्यंत पोचवून त्याच दराने विक्री व्हावी, अशी अट घातली. म्हणून २०२७ ची मुदत असलेल्या जुन्या स्ट्रिप जुनी किंमत अंगावर घेऊन फळीवर राहिल्या. त्यांच्यापुरता छापील आकडा खोटा आणि बिलावरचा आकडा खरा असायला हवा, एरवीच्या अगदी उलट. सहा गोळ्यांचे ६३ रुपये व्हायला हवे होते. ४ रुपये २० पैसे जास्त गेले. रक्कम किरकोळ आहे. पण स्ट्रिपवर उत्पादनाचा महिना सप्टेंबर २०२५ च्या आधीचा दिसला आणि बिलात पूर्ण छापील किंमत लागली, की सॉफ्टवेअरमध्ये दर बदललेला नाही हे ओळखता येतं. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या अॅपवर औषधाचं नाव टाकून दर पडताळताही येतो.

इथे एक सांगून टाकलं पाहिजे. बिल एमआरपीपेक्षा कमी आहे म्हणून स्वस्त मिळालं असं समजू नये. एमआरपी ही वरची मर्यादा आहे, वाजवी भाव नव्हे. ज्या औषधांवर सरकारने कमाल किंमत ठरवलेली नाही तिथे कंपनी मोठा आकडा छापू शकते आणि दुकानदार ‘वीस टक्के सूट’ देऊनही भरपूर कमावतो. बिल तुम्हाला जास्त घेतलं की नाही एवढंच सांगेल. जास्त छापलं की नाही हे सांगणार नाही.

## लाल चौकट आणि डॉक्टरांचा रकाना

सेफिक्झीम मुद्दाम घेतलं, कारण ते शेड्यूल एच१ मध्ये येतं. औषध नियमांना जोडलेल्या या याद्या म्हणजे विक्रीच्या पायऱ्या आहेत. साधी पॅरासिटामॉल चिठ्ठीशिवाय मिळते. शेड्यूल एचची औषधं नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि त्यांच्या लेबलवर आरएक्सची खूण असते. त्याच्या वरची पायरी एच१ ची. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या यादीत सुरुवातीला ४६ औषधं होती: सेफिक्झीमसारखी वरच्या फळीची प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं, आणि अल्प्राझोलाम, ट्रामाडॉलसारखी सवय लावणारी. त्यांच्या लेबलवर आरएक्स लाल असतो आणि इशारा लाल चौकटीत. काही बिलांवर औषधापुढे ‘एच’ किंवा ‘एच१’ असं छापून येतं. नसेल तर ही चौकट पाहायची.

एच१ औषध विकताना दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. एच आणि एच१ दोन्हींच्या विक्रीच्या नोंदीत उत्पादक, बॅच आणि मुदत यायला हवी. म्हणजे नुसत्या पॅरासिटामॉलच्या पावतीवर बॅच नसेल तर कायद्याने दुकानदार दोषी ठरत नाही, नियमात तिथे औषधाचं नाव आणि संख्या एवढंच मागितलं आहे. पण सेफिक्झीमच्या ओळीत बॅचचा रकाना रिकामा असेल तर ती गफलतच. शेड्यूल कळलं की बिलाकडून किती मागायचं ते कळतं.

मग पाहायचा तो डॉक्टरांचा रकाना. तिथे डॉक्टरच्या जागी ‘सेल्फ’ किंवा ‘कॅश’ असं छापलेलं दिसलं आणि ओळीत एच१ औषध असलं, तर ते औषध चिठ्ठीशिवाय विकलं गेलं आहे आणि वहीतली नोंद एकतर नाही किंवा कुणाच्या तरी नावाने रचलेली आहे. उलटही घडतं: ज्या डॉक्टरकडे रुग्ण कधी गेलाच नाही त्याचं नाव बिलावर येतं, कारण सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव तसंच राहिलेलं असतं. दुसरी गोष्ट बदलीच्या औषधाची. चिठ्ठीत एक ब्रँड, बिलात दुसरा, “तेच आहे, कंपनी वेगळी.” बरेचदा ते तेच असतंही. तरी शेड्यूल एचच्या औषधाच्या जागी दुसरं औषध, घटक तेच असले तरी, देण्याची परवानगी नियम देत नाही. गिऱ्हाइकाने इथे नियमाचा हट्ट धरावा असं नाही. धारणीत तो ब्रँड मिळणारच नसेल तर हट्टाचा उपयोग काय? पण बिलावरचं नाव डॉक्टरांना दाखवून विचारता येतं, आणि त्यासाठी ते नाव बिलावर यायला हवं. बदललेलं औषध आणि बिलात चिठ्ठीतलंच जुनं नाव, असं झालं तर डॉक्टरही फसतात.

## पण बनावट औषधावरही बॅच असतेच ना?

हा आक्षेप वजनदार आहे आणि तो विदर्भातूनच येतो. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांमध्ये औषधाचा अंशही नाही असं प्रयोगशाळेने सांगितलं. त्याच तपासात फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून अशा २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. स्ट्रिपवर गुजरातमधल्या ज्या कंपनीचं नाव होतं ती अस्तित्वातच नव्हती. पोलिसांच्या आरोपपत्राप्रमाणे आत टाल्कम पावडर आणि स्टार्च होता. त्या गोळ्यांवर बॅच होती, मुदत होती, सरकारी पुरवठ्याचे कागदही होते. जुळवून पाहणाऱ्याला सगळं जुळलंच असतं.

तेव्हा स्पष्ट सांगायचं तर बिल जुळलं म्हणजे औषध चांगलं, असं मुळीच नाही. कोल्ड्रिफची बॅचही तर खरीच होती. परवानाधारक कारखान्यातून निघालेली, रीतसर छापलेली. मुंबईच्या जेजे रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरीनमधून डायएथिलीन ग्लायकॉल पोटात जाऊन चौदा रुग्ण दगावले, तेव्हाही रुग्णालयाची कागदपत्रं होतीच. गोळीत काय आहे हे कागद वाचून कळत नाही, ते फक्त प्रयोगशाळा सांगते. पण प्रयोगशाळा जे सांगते ते बॅचच्या भाषेत सांगते. केंद्रीय औषध नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जा न टिकलेल्या औषधांची यादी काढते, ती बॅचनिहाय. त्या यादीत काही कंपन्या कळवतात की ही बॅच आम्ही बनवलेलीच नाही. त्यावरूनच तो माल बनावट असल्याचं पुढे येतं. म्हणजे बॅच क्रमांक हे उत्तर नव्हे, तो नीट विचारलेला प्रश्न आहे. तो नसेल तर प्रयोगशाळेचा निकाल एका बाजूला आणि तुमच्या पोटातली गोळी दुसऱ्या बाजूला, दोघांची गाठ कधी पडतच नाही.

शिवाय हा प्रश्न गिऱ्हाइकाला स्वतः विचारता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ प्रमाणे कुणीही व्यक्ती, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते आणि सहीचा अहवाल मिळवू शकते. अर्जात औषध कोणत्या दुकानातून घेतलं, कोणत्या तारखेला घेतलं आणि तपासणी कशासाठी हवी हे लिहावं लागतं. बिलाशिवाय या रकान्यांत भरलेला मजकूर नुसतं म्हणणं ठरतो. व्यवहारात मर्यादा आहेत: सहा सुट्ट्या गोळ्या किंवा उघडलेली बाटली पाठवली तर निकालावर शंका घेतली जाते, आणि धारणीहून हे सगळं करणं हे काही सोपं काम नाही. त्यापेक्षा अमरावतीच्या औषध निरीक्षकाला बिलाची प्रत देणं सुटसुटीत. तो त्याच बॅचचा बंद माल दुकानातून रीतसर नमुना म्हणून घेऊ शकतो, आणि कलम १८अ खाली दुकानदाराला तो माल कुणाकडून आला हे सांगावंच लागतं. दुकानदाराने परवानाधारक ठोक विक्रेत्याकडून सचोटीने घेतलं असेल तर कायदा त्याला बचावही देतो. नीट बिल हे म्हणून प्रामाणिक मेडिकलवाल्याचंही चिलखत आहे. बॅच जुळवून मागणाऱ्या गिऱ्हाइकावर डाफरणारा दुकानदार स्वतःचंच चिलखत उतरवून ठेवत असतो.

## बिल पोचत नाही तिथे

मेळघाटात या युक्तिवादाला सर्वांत मोठा अडथळा बिल चुकण्याचा नाही, बिल नसण्याचा आहे. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं, तिथे बिलाचा प्रश्नच येत नाही. केस पेपरवर औषधाचं नाव असतं, बॅच नसते. रुग्णालयाच्या साठ्याच्या नोंदीत बॅच असते, पण ती रुग्णापर्यंत येत नाही. दुसरीकडे आत, जंगलातल्या गावांत, बोगस डॉक्टर पिशवीतून गोळ्या काढून कागदाच्या पुडीत बांधून देतो. त्या पुडीला काहीच नाही. ना नाव, ना तारीख. तिसरी जागा किराणा दुकानाची. नियमांच्या शेड्यूल केमध्ये हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावांत काही घरगुती औषधं विनापरवाना विकायला सूट आहे: पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर वगैरे, तीही मूळ बंद पॅकमध्येच. मेळघाटातल्या पुष्कळ गावांना ही सूट लागू पडते. खोकल्याचं सिरपही त्या यादीत होतं. २०२५ च्या मृत्यूंनंतर ते वगळण्याचा प्रस्ताव केंद्राने पुढे आणला. किराणावाला बॅच लिहीत नाही. इथे बाटली हाच कागद, आणि ती निदान पोरगं बरं होईपर्यंत लेबलसकट ठेवणं एवढंच हातात राहतं.

दुसरा आक्षेप भाषेचा. बिल इंग्रजीत, घरात कोरकू, बाजारात हिंदी-मराठीची खिचडी, कोण वाचणार? पण बॅच जुळवणं म्हणजे वाचणं नव्हे. बिलावरची आकृती आणि बाटलीवरची आकृती एकसारखी आहे का एवढंच पाहायचं असतं, आणि मोबाइलच्या रिचार्जचे आकडे ओळखणाऱ्याला ते जमतं. अडचण असलीच तर बारीक, पुसट छपाईची आहे; ती इंग्रजी येणाऱ्यालाही तेवढीच आहे. ज्यांचा खप मोठा अशा तीनशे ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. मोबाइलने तो वाचला की औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, मुदत पडद्यावर ठसठशीत येते, फक्त रेंज असायला हवी.

तिसरा आक्षेप उधारीचा, आणि त्याला चोख उत्तर नाही. धारणीत मेडिकलवाला हा रात्री दार उघडणारा, पैसे दिवाळीनंतर घेणारा माणूस असतो. त्याच्याकडे पक्कं बिल मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं दोघांनाही वाटतं. “कायले पाहिजे बिल?” या प्रश्नात धमकी नसते, थोडा राग असतो. उधारीच्या वहीत औषधाचं नाव आणि रक्कम लिहिली जाते, बॅच नाही. इथे मागणी बदलावी. अख्खं बिल नको असेल तर नको; वहीत त्या ओळीपुढे बॅच टाका आणि चिठ्ठीच्या मागे तोच आकडा लिहून द्या, एवढं म्हणता येतं. नाहीतरी चिठ्ठीवरून शेड्यूल एचचं औषध दिल्यावर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवणं नियमात आहेच.

चिठ्ठीच्या मागे लिहून घ्यायला आणखी एक कारण आहे. संगणकाचं बिल आता बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर येतं. मेळघाटात महत्त्वाचे कागद, म्हणजे आधार, रेशन कार्ड, बाळाचं लसीकरणाचं कार्ड, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छपराखाली खोचून ठेवतात. उन्हाळ्यात पत्र्याखालचा ताप आणि प्लॅस्टिकचा स्पर्श या दोन्हींनी तो कागद काही महिन्यांत कोरा होतो. आधी किंमत जाते की बॅच जाते, याचा काही नेम नसतो. बॉलपेनाने चिठ्ठीवर लिहिलेली अक्षरं मात्र त्याच पिशवीत तशीच राहतात.